मागून नेलेली होडी

कोलशेतच्या बंदरावर हरिहर वाण्याचं दुकान होतं. त्या दिवशी हरिहर माल भरायला कल्याणला गेलेला आणि गल्ल्यावर त्याची लेक तुळसा एकटीच बसलेली. बाहेर आरडाओरडा ऐकून ती ओट्यावर धावली. नाथा कोळ्याने कोयता उगारला होता आणि समोर धाकू छाती काढून उभा होता. लहानपणापासून एका ताटात जेवलेले हे दोघे!

"नाथादादा, कोयता खाली कर," तुळसा म्हणाली. "काय झालं ते तरी सांगा."

"माझी होडी फोडली यानं! मला नवी पाहिजे."

"फुकट वापरायला दिलेलीस ना, मग भरपाई कसली?" धाकू गरजला. "खडक काय मी आणून ठेवला?"

होडी चिखलात कलंडली होती. तुळसाने वाकून पाहिलं. तळाची फळी उभी चिरली होती, चिरेतलं लाकूड किडलेलं होतं, वर जुनी राळ थापलेली होती, आत कौलांचा लाल चुरा पडला होता.

"धाकूदादा, मागताना काय सांगितलेलंस?"

"बायकोला, चंद्रभागेला, कल्याणच्या वैद्याकडं न्यायचंय म्हणून."

"मग ही कौलं?"

धाकू घुटमळला. "येताना एकाची आणली. पायलीभर तांदूळ दिले त्यानं."

"वहिनीला नेता-आणताना आपटली असती, तर नुकसान नाथादादाचं. पण मागून नेलेली वस्तू मागितली त्याच कामाला वापरायची. ओझ्यानं होडी खोल बसली, म्हणून खडक लागला."

नाथा हसला. तुळसा त्याच्याकडे वळली.

"तू गेल्या महिन्यात आमच्या दुकानातून राळ नेलीस ती याच फळीच्या फटी बुजवायला ना? फळी किडलीय हे याला सांगितलंस?"

नाथाची मूठ कोयत्यावर आवळली. तुळसा जागची हलली नाही.

"आजारी बाई बसणार होती तीत, दादा."

नाथाने मान फिरवली. हळूहळू कोयता खाली आला.

"नवी होडी नाही, एक फळी," तुळसा म्हणाली. "किडकी होती, म्हणून लाकूड नाथादादाचं. सुताराची मजुरी, फटींत कापूस-राळ भरणं धाकूदादाचं. तांदूळ होडीनं कमावले, ते होडीच्या धन्याला. आणि होडी पाण्यात जाईपर्यंत धाकूदादा नाथादादाची जाळी ओढेल."

"तांदळातले निम्मे शिजले की," धाकू पुटपुटला.

"मग तेवढे दुसरे दे. तांदूळ खाऊन संपतात, त्यांच्या बदली दुसरे तांदूळ चालतात. होडीचं तसं नाही, ती नेली तशीच परत द्यावी लागते."

भरती चढू लागली होती.

"चंद्रभागा कशी आहे?" नाथाने धाकूकडे न बघताच विचारलं.

"ताप उतरलाय."

"हं. धर तिकडून. पाणी चढायच्या आत वर ओढू."

दोघांनी होडीला खांदा लावला. तुळसा दुकानात परतली आणि तिथेच पोत्यावर बसली. मग उठून तिने धाकूसाठी राळेचा डबा काढून ठेवला.