पावणेसात टक्के

आमच्या हेड ऑफिसला दर दोन वर्षांनी एक नवं खूळ लागतं. मागच्या खेपेला उमेदवाराची सही सरळ की तिरपी ते बघायचे. यंदा ठाण्याहून फर्मान आलं की सुपरवायझरच्या जागेसाठी माणूस घेताना त्याचा पहिला पगार विचारा, आत्ताचा विचारा, मध्ये किती वर्षं गेली ते मोजा, आणि पगार दरसाल चक्रवाढीने किती टक्के वाढत आला ते काढा. आठ टक्क्यांच्या खाली आला तर माणूस मंद, नको.

मी आटगावच्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात एचआरला आहे. म्हणजे माणसं घ्यायची की नाही हे ठाणं ठरवतं आणि त्यांच्या शिव्या मी खाते.

त्या दिवशी आदेशदादा आला. शेणव्याचा. त्याची बायको अनिता माझ्या माहेरची, आम्ही एका बाकावर शिकलो. तीही सोबत आली होती, बाहेर थांबली. दादाच्या मुरबाडच्या कंपनीला महिनाअखेरीला टाळं लागणार होतं आणि आमच्याकडे शिफ्ट सुपरवायझरची एकच जागा होती. धाकटीची शाळा, घराचे हप्ते, सगळं त्या एका खुर्चीवर येऊन टेकलं होतं. दादा कामाला वाघ. मशीनच्या आवाजावरून कुठला रोलर बिघडलाय ते सांगणारा. मुलाखतीत साहेबही खूश झाले. उरला होता फक्त तो टक्का.

"आत्ताचा पगार?" मी कॉम्प्युटर उघडून विचारलं.

"चोवीस हजार. आठ तासांचे. ओव्हरटाइम वेगला."

"आणि पहिला?"

दादा खुर्चीत जरा सरळ झाला. "नऊ हजार. दोन हजार दहा साली. आमच्या गावात तवा कुणाला नव्हता."

हे मला ठाऊक होतं. आमच्या अख्ख्या माहेराला ठाऊक होतं. अनिताच्या वडिलांनी, राघोकाकांनी, पोरीसाठी आलेलं वासिंदचं चांगलं स्थळ सोडून तिला शेणव्याला दिलं ते याच नऊ हजारांवर. "नऊ हजारवाला जावई" असं ते मरेपर्यंत म्हणत. जावयाचं नाव पुष्कळदा विसरत, आकडा कधी नाही.

मी आकडे भरले. पंधरा वर्षं. उत्तर आलं पावणेसात टक्के.

"असं कसं?" दादा म्हणाला. "मी तीन कंपन्या बदलल्या ना. पयल्या उडीला वीस टक्के, मग तीस, मग पंचवीस. सरासरी पंचवीस पडते. घरी मांडून आलोय मी."

"उडी पंचवीसची, पण ती दरसाल नाही ना मारली. चार-चार वर्षांनी एकदा मारली. मधल्या वर्षी काय वाढलं?"

"मधल्या वर्षी काय, दोनशे-तीनशे."

"हा हिशेब मधलं काही बघतच नाही, दादा. पहिला पगार, शेवटचा पगार आणि वर्षं, बस. नऊचे चोवीस झाले, म्हणजे पावणेतीन पटसुद्धा नाही. ते पंधरा वर्षांत पसरलं की वर्षाला पावणेसात."

त्याने मान वळवून स्क्रीनवरचा आकडा वाचला. पंधरा वर्षांचं उठणं-बसणं, भिवंडीच्या गोदामातल्या रात्रपाळ्या, कापलेलं बोट, सगळं कॉम्प्युटरने एका झटक्यात पुसून टाकलं होतं. मला त्या ठाण्याच्या शहाण्यांचा असा राग आला की उठून प्लगच काढावा.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे कंत्राटदाराकडचा माणूस पगार सांगतो तो नेहमी ओव्हरटाइम, म्हणजे ओटीसकट. घरी जे येतं तोच पगार, तास कोण मोजतो? आणि दोन हजार दहाला मुरबाडला कंत्राटदाराकडे लागलेल्या नवख्या पोराला आठ तासांचे नऊ हजार? शक्यच नव्हतं. बारा तासांची ड्युटी असणार, आणि ओटी साध्या दराने. म्हणजे आठ तासांचे सहा हजार. सहाचे चोवीस, चौपट. मी टेबलाखाली मोबाईलवर काढून बघितलं. साडेनऊ टक्क्यांच्या वर. सुरुवातीचा आकडा लहान झाला की वाढ मोठी होते, एवढं साधं गणित. दोन्ही टोकांना आठ तास धरले की माणूस पास होता, आणि तेच खरं होतं.

नेमकी तेव्हाच अनिता डबा द्यायला आत आली. मी मूर्ख, थांबायला हवं होतं. पण आनंदाच्या भरात बोलून गेले.

"दादा, ते नऊ हजार बारा तासांचे होते ना? ओटी धरून? आठ तासांचे सहा लिहिले की काम झालं. तू फक्त हो म्हण."

दादाने अनिताकडे बघितलं. ती डब्याचं झाकण घट्ट करत होती. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पार बंद झाला.

"आठ तासांचे होते," तो म्हणाला.

"दादा, नीट आठव."

"नऊ हजार पगार होता माझा. आठ तासांचा. तू लिव गो तसाच."

मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, आणि उमेदवाराने सही केल्याशिवाय आकडा बदलता येत नाही. त्याने नऊ हजारांखाली सही केली आणि साहेबांना नमस्कार करायला गेला.

मी अनिताचा हात धरला. "तू तरी सांग त्याला. नोकरी जातेय तुमची."

"मला लगीन झाल्यावर आठ दिसातच कललं," ती हळूच म्हणाली. "सकाली सातला जायचा, रातच्याला नऊला यायचा. मला काय तास मोजता येत नाय?"

"मग पंधरा वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बा गेला तवा याला जवल बोलावून म्हनला, माझी पोर नऊ हजारवाल्याला दिली, मी फसलो नाय. हा रडला तवा." तिने डबा पिशवीत टाकला. "त्याला वाटतं मला म्हाईत नाय. त्याच्याकं तेवढंच हाय गो. ते मी कशी काढून घेऊ?"

मला तिचाही राग आला आणि तिच्यासाठी रडूही आलं. मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले, पदर पसरला म्हणा ना. साहेब म्हणाले, उमेदवार स्वतः सही करून सांगतोय, तू कोण? जागा कल्याणच्या एका पोराला मिळाली. त्याचा टक्का अकरा होता. रोलर कशाला म्हणतात ते त्याला महिन्याने कळलं.

मुरबाडची कंपनी बंद झाली. दादा दोन महिने घरी बसला, मग महामार्गावरच्या एका गोदामात कंत्राटदाराकडे लागला. परवा आटगाव स्टेशनबाहेर भेटला. खांदे उतरले होते, पण आवाज तोच.

"पगार किती देतात, दादा?"

"चोवीस हजार. आधीचाच. काय कमी नाय झाला."

"ड्युटी किती तासांची?"

तो हसला आणि रिक्षाकडे वळला. सोबत अनिता होती. तिने माझ्याकडे बघून बोटांनी फक्त दाखवलं. दहा, आणि वर दोन.

बारा तासांचे चोवीस, म्हणजे आठ तासांचे सोळा. सहाचे सोळा, पंधरा वर्षांत. मी रस्त्यातच मोबाईल काढून गणित केलं. उत्तर पावणेसात टक्केच आलं. फक्त आता ते खरं होतं.