गुरुत्वाच्या फक्त बारा पट

भिंगरी झोपली की आमच्या घरात विज्ञान सुरू होतं. भिंगरी म्हणजे माझी लेक. जगातला प्रत्येक खटका आपल्याचसाठी बसवलाय अशी तिची पक्की समजूत आहे, त्यामुळे ती जागी असताना लॅपटॉप उघडायची सोय नसते. ती झोपली की मी चपला हातात घेऊन चोरासारखी इस्त्रीच्या टेबलापाशी येते आणि इंग्रजीतलं इटालियनमध्ये आणते.

बाळंतपणापूर्वी हे काम माझ्याकडे नेमाने यायचं. नंतर आटलं. आता एका इटालियन इस्पितळाच्या प्रयोगशाळेला परदेशातल्या शोधनिबंधातली पद्धत आपल्याकडे करून बघायची होती, आणि तिथले तंत्रज्ञ इटालियनमध्ये काम करतात. मला त्यातला पद्धतीचा भाग मिळाला, तोही चाचणी म्हणून. तो तपासणाऱ्या बाईंच्या पसंतीला उतरला तर निबंधाचे बाकीचे भाग माझे, आणि त्यामागून येणारे निबंधही. नाही उतरला तर मी पुन्हा फक्त भिंगरीची आई. वाईट पद नाही, पण मला दोन्ही हवी होती.

पद्धतीच्या भागात कुणीच काही करत नाही, सगळं केलं जातं. नमुने फिरवले गेले, पेशी धुतल्या गेल्या, द्रव ओतून टाकला गेला. माणूस औषधालाही सापडत नाही. इटालियनमध्येही तसंच, आणि मराठीसारखंच क्रियापदाचं शेपूट वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलायचं. नमुने पुल्लिंगी, पेशी स्त्रीलिंगी. मला त्याची इतकी गोडी लागली की घरातही सगळे तसंच बोलतात हे ऐकू यायला लागलं. नवरा स्वयंपाकघरात डोकावून म्हणतो, ‘भांडी घासली गेलेली दिसत नाहीत.’ सासूबाई म्हणतात, ‘कपडे अजून वाळत घातले गेले नाहीत वाटतं.’ दोघंही जन्मजात शास्त्रज्ञ. करणारी कोण, ते सगळ्यांना माहीत असतं. लिहायची गरज नाही.

तर शेपटं मी अगदी मन लावून बसवली. तापमानाचा आकडा आणि अंशाचं चिन्ह यांच्यात जागा सोडली. नमुने किती जोराने फिरवायचे ते गुरुत्वाच्या पटीत लिहितात; त्या गुरुत्वाचा जी तिरका केला, कारण सरळ ठेवला तर तो ग्रॅम वाटतो. उरले आकडे. इंग्रजीत अर्धा लिहिताना टिंब येतं आणि हजार लिहिताना स्वल्पविराम. इटालियनमध्ये नेमकं उलटं. आत पाळण्यात हालचाल सुरू झाली होती. मग मी हुशारी केली. एकेक आकडा कोण बदलत बसणार? संगणकाला सांगितलं, आकड्यांमधले सगळे स्वल्पविराम टिंब कर. केलं. मग सांगितलं, आकड्यांमधली सगळी टिंबं स्वल्पविराम कर. तेही केलं. अर्धा मिलिलिटर छान इटालियन झाला. भिंगरीने हाक मारायच्या आत मी फाइल पाठवली आणि दिवसभर स्वतःवर खूश होऊन हिंडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणाऱ्या बाईंचा निरोप आला. क्रियापदं सुरेख आहेत, एकाही शेपटाला हात लावावा लागला नाही, दुपारी प्रयोगशाळेकडे पाठवते. मी तो सासूबाईंना वाचून दाखवला, शेपटाचं सगळं समजावूनही सांगितलं. त्या ‘बरं हो’ म्हणाल्या आणि धुलाई यंत्रातले कपडे काढायला गेल्या.

तिथून त्यांचा आवाज आला, ‘अगं सूनबाई, हे पिळले गेलेच नाहीत.’

मी गेले. चादरीतून धार लागली होती. यंत्रासमोर भिंगरी मांडी ठोकून बसलेली, आणि पिळणीचा खटका मिनिटाला बाराशे फेऱ्यांवरून पार खाली, सगळ्यात हळू आकड्यावर. कुणी फिरवला हे विचारायची गरज नव्हती. बोट अजून त्याच्यावरच होतं.

सासूबाई म्हणाल्या, ‘एवढंसं फिरून कुठे पाणी सुटतं? गरागरा फिरायला हवं.’

मी हातात ओली चादर धरून उभीच राहिले. गरागरा. माझे नमुने किती फिरले होते? गुरुत्वाच्या बारा हजार पट. मूळ इंग्रजीत बारा, स्वल्पविराम, तीन शून्यं. मी आधी त्याचं टिंब केलं. मग सगळ्या टिंबांचे स्वल्पविराम केले, त्यात तेही आलं. म्हणजे बारा हजार पुन्हा जसेच्या तसे, फक्त आता ते इटालियनमध्ये होते आणि तिथे त्याचा अर्थ होतो बारा. नुसते बारा, दशांशापुढे तीन अचूक शून्यं. एवढ्याशा ओढीने नमुन्यांतल्या जंतूंच्या पेशी नळीच्या तळाला बसणार नाहीत. तंत्रज्ञ वरचा द्रव ओतून टाकतील आणि त्याबरोबर सगळे नमुनेही जातील.

दोन पेल्यांतलं दूध आणि पाणी अदलाबदल करायचं तर तिसरा रिकामा पेला लागतो, हे मला रोज भिंगरीचं दूध निववताना कळतं. संगणकापुढे बसले की कळत नाही. टिंबं आधी तिसऱ्याच कुठल्या चिन्हात ठेवायला हवी होती.

फोन करावा की गुपचूप नवी फाइल पाठवावी? नवी फाइल पाठवली तर बाई जुनीच पुढे धाडायची शक्यता होती. शिवाय ‘सुरेख क्रियापदं’ या शाबासकीवर माझा जीव जडला होता, आणि फोन केला की ती गेलीच. चादर बादलीत टाकली. ओल्या हातांनीच फोन लावला.

तोंडून निघालं ते असं: ‘बाई, आकड्यांमध्ये एक त्रुटी राहून गेली आहे. सुधारित प्रत पाठवली जात आहे.’

बाई म्हणाल्या, ‘कुणाकडून राहून गेली?’

‘माझ्याकडून,’ मी म्हटलं. मग सगळं सांगितलं, टिंबं, स्वल्पविराम, पेले. चादरही सांगितली, का ते मलाही माहीत नाही.

पानं उलटण्याचा आवाज आला. मनात म्हटलं, झालं, आता मी फक्त आई. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘शेजारी इंग्रजी ठेवून दोनदा वाचलं गं मी. दोन्हीकडे सारखंच दिसलं, म्हणून पुढे गेले. मी तुझी शेपटं बघत बसले.’

तो भाग अजून त्यांच्याकडेच होता. आम्ही फोनवरच एकेक आकडा घेतला. त्या इंग्रजी वाचायच्या, मी इटालियन. हजारात ना टिंब ना स्वल्पविराम, नुसती मोकळी जागा सोडायची असं ठरलं, म्हणजे कुणालाच फसायला जागा नको. भिंगरी माझ्या मांडीवर चढून प्रत्येक आकड्यानंतर काहीतरी म्हणत होती. मध्येच बाईंनी विचारलं, तिसरी कोण तपासतेय? मी म्हटलं, खटका फिरवणारी.

शेवटी त्यांनी सांगितलं की पुढचा भाग संध्याकाळी पाठवते. निकालांचा आहे, आकडेच आकडे. ‘एकगठ्ठा काही बदलायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि तुझे आकडे मी बघणार, मी बघितलेले पुन्हा तू.’

फोन ठेवला तेव्हा सासूबाईंनी चादर परत यंत्रात घातली होती. खटका बाराशेवर नेऊन त्यांनी भिंगरीला बजावलं की आता हात लावायचा नाही. ती काचेला नाक लावून आतली गरगर बघत राहिली, आणि मी तिचा हात धरून शेजारी बसले. प्रेमाने धरला असं मी म्हणेन. पण खरं तर खटक्यापासून लांब राहावा म्हणून.