लवंगेचं निर्भेळ तेल

शामे हमादने बावीस वर्षांत भट्टीवरच्या तेलात थेंबभर भेसळ होऊ दिली नव्हती, आणि या गोष्टीचा त्याला गर्व होता. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या पेंबा बेटावर लवंगेची झाडं कोणाच्याही परसात असतात, पण तेल काढणारी भट्टी त्या भागात एकच. झाडावरची लवंग तोडून झाली की उरलेले देठ पोत्यांनी भट्टीवर येत. देठांतून वाफ सोडायची, ती वाफ नळीतून थंड करायची, आणि खालच्या भांड्यात पाणी वर नि तेल तळाशी बसलं की ते काढून घ्यायचं. खोबरेल पाण्यावर तरंगतं. लवंगेचं तेल मात्र बुडी मारतं. शामे म्हणायचा, खरं माणूस असंच असतं, उगाच वर येऊन दिसत नाही.

पिंप भरलं की त्यातला नमुना शामेकडे यायचा. तो स्पिरिटमध्ये चार थेंब टाकून बाटली उजेडाला धरायचा. नितळ राहिलं तर शुद्ध, गढूळ झालं तर कोणीतरी खोबरेल ओतलेलं. भट्टीवरचाच म्बारूक नावाचा त्याचा जुना सोबती असाच एकदा सापडला. दोघं एका ताटात जेवलेले, तरी शामेने बाटली उचलून सरळ साहेबाच्या टेबलावर ठेवली. म्बारूकचं काम गेलं. त्यानंतर तो रस्त्यात दिसला की शामे सलाम करायचा, म्बारूक तोंड फिरवायचा. शामेला वाईट वाटायचं, पश्चात्ताप मात्र कधी झाला नाही.

त्याची बायको मीझे घराच्या ओसरीत मुलांना कुराण शिकवायची. सगळं गाव तिला म्वालिमू, म्हणजे गुरुजी, म्हणायचं. शामेही म्हणायचा, थोडं चिडवायला आणि बरंचसं कौतुकाने. मीझेचं पाठांतर तर चोख होतंच, पण ती खरी नावाजलेली होती ते उच्चारांसाठी. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांना लावून काढायची अक्षरं, खालचा ओठ त्याच दातांना टेकवून काढायची अक्षरं, ती अशी काढायची की शेजारच्या गावची माणसं पोरांना तासभर चालवून तिच्याकडे पाठवायची. चूक झाली की ती मुलांना आपलं तोंड दाखवायची. "इथे बघा. जीभ कुठे आहे? दाताच्या कडेला. आत नाही, बाहेर नाही." मुलं वाकून वाकून बघायची.

दुखायला लागला तो नेमका त्यातलाच दात. वरचा, पुढचा, मधल्याच्या बाजूचा. मागून किडला होता. पहिले दोन दिवस मीझेने मिठाच्या गुळण्या केल्या. तिसऱ्या दिवशी ती गालाला हात लावून भिंतीशी बसलेली शामेने पाहिली आणि तो तिला दवाखान्यात घेऊन गेला.

दातांचं बघणारी झुवेना वयाने लहान, बोलायला मात्र सडेतोड. तिने आरशाने दात पाहिला आणि सांगितलं की अजून वाचेल. शहरातला दंतवैद्य पुढच्या गुरुवारी येतोय, तो कीड काढून दात भरेल. तोवर दुखलं तर लवंगेचं तेल चालेल.

"पण नुसतं नाही लावायचं," ती म्हणाली. "चमचाभर खोबरेलात दोन थेंब. कापसाचा बारीक बोळा त्यात बुडवायचा, पिळायचा, आणि फक्त किडीच्या खळग्यावर ठेवायचा. हिरडीला लागू द्यायचा नाही. थोड्या वेळाने काढायचा, थुंकायचं, गिळायचं नाही. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. आणि दोन-तीन दिवसच. हे औषध नाही, नुसतं गप्प बसवणं आहे. आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, पोटात गेलं तर जिवावर बेततं."

शामेने मान हलवली. बाहेर पडल्यावर मात्र तो हसला. लवंगेच्या बेटावर जन्मलेल्या माणसाला लवंग शिकवते म्हणे ही पोर. आणि सांगते काय, तर खोबरेल मिसळा.

घरी त्याच्या हक्काची बाटली होती. हंगाम संपला की भट्टीवरच्या प्रत्येकाला एकेक मिळायची. शामेची बाटली काचेचीच असायची, कारण हे तेल हलकं प्लास्टिक मऊ करून टाकतं हे त्याला ठाऊक होतं. हेच ठाऊक असलेल्या माणसाने पुढे जे केलं त्याला काय म्हणावं? वेडेपणा म्हणावा, तर त्यात माया होती. त्याने खोबरेलाची बरणी फळीवरून काढली, झाकण उघडलं, आणि त्याचा हातच पुढे होईना. ज्या गोष्टीपायी त्याने सोबत्याच्या पोटावर पाय दिला, तीच गोष्ट करून बायकोच्या तोंडात घालायची? परक्यांसाठी निर्भेळ आणि घरच्या माणसासाठी मिसळलेलं? त्याने बरणी बंद केली आणि कापूस बाटलीतच बुडवला.

मीझेच्या डोळ्यांत पाणी आलं, हिरडी पेटल्यासारखी झाली, आणि मग सगळं बधिर. ती पहिल्यांदा नीट श्वास घेऊन हसली.

"माऊआच्या बाबा, गुण आहे तुमच्या तेलाला," ती म्हणाली. त्यांची मुलगी माऊआ लग्न होऊन उंगूजा बेटावर गेली होती, तरी नवऱ्याला हाक मारायची मीझेची रीत बदलली नव्हती.

गुरुवार आला तेव्हा दात दुखतच नव्हता. मीझे म्हणाली, तीन आठवड्यांनी सहा मुलींचं कुराण पूर्ण होतंय, सगळं गाव ऐकायला येणार, आता एक दिवसही सोडवत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला भीती होती. शहरातला माणूस आहे, दात उपटून मोकळा झाला तर? शामेने आग्रह केला नाही. बाटली हाताशी होती.

आधी दिवसातून दोनदा, मग चारदा, मग धडा सुरू होण्याआधी आणि संपल्यावर. मीझे बोळा ओठाखाली तसाच ठेवून शिकवायला लागली. तेल ओघळून हिरडीवर पसरायचं. काही दिवसांनी तिथली हिरडी पांढरी पडली आणि भिजलेल्या कागदासारखी सोलून निघाली. आता तिथेही आग व्हायची. ती आग तेलाचीच होती, पण दोघांना ती दाताची वाटली, आणि आग शमवायला त्यांनी आणखी तेल लावलं. झुवेनाचे शब्द शामेला आठवत नव्हते असं नाही. एकदा आठवलेही. त्याने मनाशी म्हटलं, ती भेसळीच्या तेलाबद्दल बोलत असणार, बाजारात काय मिळतं देव जाणे, आपलं शुद्ध आहे. त्याने रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने बोळे करून ठेवले, न चुकता, मायेने.

समारंभ झाला. सहाही मुली सुरेख म्हणाल्या. बायकांनी मीझेच्या गळ्यात मोगऱ्याचे हार घातले, आणि तोंडाला येणारा वास कळू नये म्हणून ती हाताआडून हसत राहिली. तीन दिवसांनी तिचा वरचा ओठ नाकापर्यंत सुजला, ताप चढला, आणि हिरडीतून पू आला.

झुवेनाने आरसा घालून तोंडात पाहिलं. किडलेल्या दाताच्या मुळाशी पू साठून हाड पोखरलं होतं. दुखणं बधिर झालेलं, म्हणून कोणाला कळलं नाही. आणि भोवतालची हिरडी जळून गेली होती. शेजारचा मधला दात चांगला होता, किडीचं नाव नाही, पण त्याचं मूळ उघडं पडून तो हलत होता.

"किती थेंब घालत होता खोबरेलात?" तिने विचारलं.

शामे म्हणाला, "खोबरेल नाही घातलं. शुद्ध दिलं."

"किती दिवस?"

"महिना झाला."

झुवेना ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "काका, शुद्ध होतं म्हणूनच जाळलं त्याने. मिसळायला सांगितलं ते स्वस्त पडावं म्हणून नाही, मांस कोवळं असतं म्हणून."

दोन्ही दात काढावे लागले. मीझे रडली नाही. तिने फक्त विचारलं, मधला राहू शकेल का, एवढा एकच. झुवेनाने नाही म्हणून मान हलवली. औषधाने ताप उतरला आणि सूज गेली. जखम मात्र सावकाश भरली, आणि भरली ती खड्डा ठेवून. कृत्रिम दात नंतर बसवता येतील, असं झुवेना म्हणाली, पण हिरडी आणि हाड इतकं खचलंय की ते नीट टेकतील याची खात्री देता येणार नाही.

महिन्याभराने मीझेने मुलांना पुन्हा बोलावलं. त्या दिवशी शामे भट्टीवर गेला नाही. तो आत चटईवर बसून ऐकत होता. मीझे पहिली ओळ म्हणाली. जिथे जीभ दाताला टेकायची तिथे आता काही नव्हतं, नुसती हवा सुटली. ती थांबली, पुन्हा म्हणाली, पुन्हा हवा. एखादं पोर हसलं असतं तरी चाललं असतं. पण मीझेची मुलं शिस्तीची. म्वालिमू जसं म्हणतील तसंच म्हणायचं, हे तिनेच त्यांच्या अंगी बाणवलेलं. सगळ्या रांगेने एका सुरात ती ओळ म्हटली, आणि नेमक्या त्याच जागी सगळ्यांनी हवा सोडली. धडधाकट दातांची वीस पोरं.

मीझेने पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं, आणि मुलांना सांगितलं की उद्यापासून त्यांनी मशिदीमागे म्वालिमू साल्हाकडे जायचं. एका मुलीने विचारलं, आमचं काही चुकलं का. मीझे म्हणाली, नाही गं, तू अगदी मी म्हटलं तसंच म्हटलंस.

मुलं गेल्यावर शामे बाहेर आला. महिनाभर त्याने बरंच बोलणं जुळवून ठेवलं होतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "म्वालिमू, मी तुला वाईट द्यायचं म्हणून नाही दिलं."

"मला माहीत आहे, माऊआच्या बाबा," ती म्हणाली. "तुम्ही रोज बोळे करत होतात. मी ते मागून घेत होते. दोघांनी मिळून केलंय."

तिने शिव्या दिल्या असत्या तर शामेने त्या आयुष्यभर सोसल्या असत्या. ही समजूत मात्र त्याला पेलवेना. तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीझे त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

लग्न झाल्यापासून पहाटे तो मशिदीतून परतायचा तेव्हा घरातून मीझेचं पठण ऐकू यायचं. पावलं हळू करून तो दाराबाहेर थांबायचा, ते संपेपर्यंत आत जायचा नाही, आणि हे त्याने तिला कधी सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो तसाच येऊन थांबला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ती अजून उठली नसेल असं वाटून त्याने दार हलकेच ढकललं. मीझे चटईवर बसली होती, पुस्तक समोर उघडं, आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. तो तिथे उभा राहिला, आणि ती संपवेपर्यंत त्याने आत पाऊल टाकलं नाही.