पॅनेलपाशी कोणी नाही

रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये लाकडी फळीवर एक दिवा, एक स्विच आणि एक सॉकेट बसवलेलं होतं. दिवा लागत नव्हता. वीस मिनिटांत बिघाड शोधायचा आणि प्रत्येक पायरी सुपरवायझरना तोंडी सांगायची. जमलं तर नोकरी, नाहीतर पुन्हा दारोदार पंखे दुरुस्त करत एकटीने हिंडायचं.

"सुरू करा, ताई."

ती पलीकडच्या पॅनेलपाशी गेली. "दिव्याचा ब्रेकर पाडते." खटका खाली पडला. फळीपाशी परत येऊन तिने सवयीने हाक दिली, "बंद?"

उत्तर आलं नाही. ती क्षणभर थांबली. चौदा वर्षं या हाकेला पॅनेलपाशी उभ्या दादाचा जाड आवाज येई, "बंद, बंद! आता लाव हात, घाबरट कुठली!"

"कोणाला विचारताय?"

"कोणाला नाही, साहेब."

तिने खिशातून टेस्टर काढला. "आधी हा चालतो का ते बघते." चालू सॉकेटवर टेस्टर पेटला. मग तिने तो दिव्याच्या तारांवर ठेवला. पुन्हा पेटला. दोनशे तीस व्होल्ट.

तिने हात झटकन मागे घेतला. "ब्रेकर मी पाडला होता."

"मी वर केला," पॅनेलपाशी उभे असलेले सुपरवायझर म्हणाले. "तुम्ही टेस्टर काढत होतात तेव्हा. कुलूप कुठे आहे?"

ब्रेकर कोणी वर करू नये म्हणून लावायचं लाल कुलूप आणि पाटी टेबलावर तशीच पडली होती. तिचा चेहरा उतरला.

"चौदा वर्षं काम केलंत म्हणता. कुलूप लावायचं सुचलं नाही?"

"दादा उभा असायचा तिथे," ती म्हणाली. "मी काम संपवेपर्यंत हलायचा नाही. चहासुद्धा तिथेच प्यायचा. कुलुपाची गरजच पडली नाही."

"आता?"

"त्याला जाऊन आठ महिने झाले. हृदयविकार."

सुपरवायझरनी कागदावर काहीतरी लिहिलं. "कुलुपाचे गुण गेले. पण हात लावण्याआधी तपासलंत, म्हणून परीक्षा चालू आहे. पहिल्यापासून करा."

ब्रेकर पाडून तिने कुलूप अडकवलं. पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं. किल्ली खिशात टाकली. टेस्टर आधी सॉकेटवर, मग दिव्याच्या फेज, न्यूट्रल आणि अर्थमध्ये, मग पुन्हा सॉकेटवर.

"पुन्हा कशाला?"

"मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तारा मेलेल्या, बिनविजेच्या दिसतील. त्या मेलेल्या नसतील."

न्यूट्रलचा स्क्रू ढिला निघाला. तिने तो घट्ट केला, कुलूप काढून ब्रेकर वर केला, दिवा लागला. बारा मिनिटं.

"सोमवारी या," सुपरवायझर म्हणाले. "पंपघराकडे माणूस हवाय. तिथे एकटीनेच काम करावं लागेल."

"सवय होतेय, साहेब."

सोमवारी पंपघरात तिने ब्रेकर पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. पंप थांबल्यावर तिथे नळाच्या थेंबाचा आवाजही ऐकू येत होता.

"बंद?" तिने विचारलं.

दादाला उत्तर द्यायला लागायचा तेवढा वेळ ती थांबली. मग तिने टेस्टर काढला.