टोचायचं मालकाने

शेवटी गाडी भंगारात गेली.

हे वाक्य नजरचुकीने आधी आलं आहे. असं काहीही घडलेलं नाही. गाडी धाकट्याच्या गॅरेजच्या दारात उभी आहे, अगदी टवटवीत, आणि तिच्या बॉनेटमध्ये त्याला स्वतःचं तोंड दिसतंय. तोंडावर तीन-चार दिवसांची दाढी आहे, तीही केस मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ दिसतेय.

गाडी दादाची. दादा म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ. समुद्रकाठच्या शहरात नोकरीला होता, तिथेच त्याने ही गाडी एका शेजाऱ्याकडून जुनी म्हणून घेतली, आणि थंडीच्या दिवसांत एका सकाळी छातीत कळ येऊन तो तिथेच गेला. मागे राहिल्या वहिनी, एक शाळकरी लेक आणि गाडी. काल दिवसभर गाडी हाकत वहिनी लेकीला घेऊन सासरी आल्या होत्या आणि उद्या सकाळी परत निघणार होत्या.

"भाऊजी, एकदा खालून नजर टाका," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी निर्धास्त. नोकरीवर जायचं, पोरीला शाळेत सोडायचं, सगळं हिच्यावरच आहे आता. आणि ही त्यांची आहे."

शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. धाकट्याला तेच सगळ्यात मोठ्याने ऐकू आलं.

आईही आली होती. नात शेजारी रमली होती, तेव्हा आईने घराला कुलूप लावलं आणि गॅरेज गाठलं. एका टायरवर फडकं अंथरून ती बसली. वरातीत नवऱ्याची आई बसते त्या थाटात.

"बघायचं काय त्यात?" ती म्हणाली. "आरशासारखी ठेवलीय माझ्या पोराने. दर रविवारी धुवायचा. वर कव्हर घालायचा. फोनवर सांगायचा मला, आई, गाडीला स्वेटर घातला."

वेल्डर कोपऱ्यात चष्मा पुसत होता. त्याला सगळे ठिणगी म्हणत, कारण त्याचा एकही शर्ट बिनभोकाचा नव्हता. तो हसणार होता, पण धाकट्याकडे बघून त्याने हसू गिळलं. ओल्या गाडीला कव्हर घालणं म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. समुद्राची खारी हवा आत कोंडायची आणि वर गाठ मारायची. स्वेटर खरा, पण भिजलेला.

धाकटा गुडघ्यांवर बसला आणि टॉर्च घेऊन खाली वाकला.

खाली सगळं काळं होतं. नुसतं काळं नाही, काजळ घातल्यासारखं. जुन्या गाडीचं पोट धुळीचं, तेलकट, ओरखड्यांनी भरलेलं असतं. तसंच असावं. हे पोट मात्र काल रंगवून आणल्यासारखं होतं. त्याने अंगठा दाबला. ठसा उमटला.

धाकट्याच्या धंद्यात एक म्हण होती. ती त्यानेच तयार केली होती आणि त्याच्याखेरीज कुणी वापरत नव्हतं: नवं काळं, जुनं लाल. विकणारा गंजावर काळा थर मारतो आणि घेणारा थराला भुलतो. या म्हणीवर त्याने बरीच गिऱ्हाइकं वाचवली होती. पण इथे विकणारा कोण आणि घेणारा कोण?

"हे कुणी मारलं?"

"मी मारून घेतलं," वहिनी चटकन म्हणाल्या. "निघायच्या आधी. तुम्ही बघणार म्हणून. दुकानवाला म्हणाला, याने गंज लागत नाही." थोडं थांबून त्यांनी अभिमानाने भर घातली. "खाली बारीक बारीक भोकं होती, तीसुद्धा बुजवून दिली त्याने. फुकट."

ठिणगीच्या हातून चष्मा पडला.

धाकटा उठला. सवयीने तो दोन खांबांच्या लिफ्टकडे निघाला आणि अर्ध्यावर थबकला. ती लिफ्ट गाडीला दारांखालून, कमरेला धरून उचलते. तिथे पत्र्याची पोकळ पेटी असते, तिला सिल म्हणतात. आणि कंबर शाबूत आहे की नाही, हेच तर बघायचं होतं. त्याने ठिणगीला खूण केली, आणि दोघांनी गाडी ढकलून शेजारच्या रॅम्पवर चढवली. रॅम्प गाडीला तिच्याच चाकांवर उभं ठेवून वर नेतो. कुणाच्या कमरेला हात नाही, सगळी सभ्यता.

गाडी वर गेली. आई टायरवरून उठली आणि थेट गाडीखाली जाऊन उभी राहिली. तिला बाजूला करायची कुणाची छाती नव्हती.

धाकट्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने ठोकत निघाला. पुढे टण्, टण्. इंजिनामागे टण्. वहिनींचे खांदे जरा सैल झाले. डाव्या सिलपाशी मूठ पोचली आणि आवाज आला, थप्. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. त्याने तिथेच पुन्हा ठोकलं. थप्. मागे सरकला, जिथे मागच्या चाकांचा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, बॉडीला धरतो तिथे. थप्. उजवीकडे. थप्.

"वेगळा आवाज येतोय का?" वहिनींनी विचारलं.

"जरा."

"जरा म्हणजे?"

धाकट्याने स्क्रूड्रायव्हर सुलटा केला. या गॅरेजात एक नियम होता. थप् वाजलं की आत टोचून बघायचं, पण टोचायचं मालकाने. मेकॅनिकने टोचलं तर भोक पडतं, आणि भोक पडलं की गिऱ्हाईक म्हणतं, हे तुम्हीच पाडलंत. एकदा एका गृहस्थांनी एवढ्याशा भोकासाठी गॅरेजसमोर उपोषण केलं होतं, दुपारच्या जेवणापर्यंत. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर मालकाच्या हातात. मग कुणी कुणाला बोलायचं नाही.

आज मालक कोण, हा प्रश्न धाकट्याच्या आणि ठिणगीच्या डोक्यात एकदमच आला. ठिणगी दुसरीकडे बघू लागला.

धाकट्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. नियम मोडावा. टोचूच नये. म्हणावं, झकास आहे, वहिनी, सावकाश चालवा. पुढे सहा महिने काही होणारही नाही कदाचित. कदाचित उद्याच होईल, उतारावर, मागच्या सीटवर पोरगी झोपलेली असताना. त्याने टॉर्च ब्रेकच्या पाइपवर धरला. पाइपवरही काळं होतं. नखाने खरवडलं तर खालून लाल पापुद्रे सुटले आणि मधला पाइप कुरतडल्यासारखा बारीक झालेला दिसला. दादा असता तर शिव्या घालून सांगता आलं असतं. दादा नव्हता, म्हणून तर सांगायचं होतं.

त्याने स्क्रूड्रायव्हर वहिनींपुढे धरला.

"तुम्ही टोचा."

"मी? नको. नवीनच केलंय ते."

"म्हणूनच."

"भाऊजी, खराब होईल हो."

"अगं, घे," आई म्हणाली. तिला नियम ठाऊक नव्हता, पण लेकाचा चेहरा तिला वाचता येत होता. "तो उगाच नाही सांगत."

वहिनींनी स्क्रूड्रायव्हर घेतला. सिलवर टोक टेकवलं, अगदी हलकं, झोपलेल्या माणसाला उठवतात तसं. मग जरा दाबलं.

तो मुठीपर्यंत आत गेला.

आवाजही झाला नाही. काळ्या थराला एक सुरकुती पडली आणि तिच्यातून गंजाचा भुगा वहिनींच्या मनगटावर सांडला, चहापत्तीसारखा. त्यांनी हात मागे घेतला नाही. थोडं पुढे जाऊन पुन्हा टोचलं. गेला. मग अ‍ॅक्सलच्या जागी. गेला. त्या टोचतच राहिल्या. शेवटी धाकट्याने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पुरे, वहिनी."

ठिणगी तार घेऊन पुढे आला आणि सिलच्या तळाचं एक बुजवलेलं भोक मोकळं केलं. ही भोकं आत शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणूनच ठेवलेली असतात. तार निघाली आणि मागोमाग तांबूस पाण्याची धार लागली. सगळे मागे सरले. आई मात्र जागची हलली नाही. तिने धारेखाली बोट धरलं आणि कुणी काही म्हणायच्या आत जिभेला लावलं.

"आई!"

"खारट आहे," आई म्हणाली.

तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. दादा दर वर्षी म्हणायचा, ये, दाखवतो. गुडघे दुखतात, पुढच्या वर्षी, असं ती म्हणायची. पदराने तिने बोट पुसलं, मग डोळे पुसले, आणि दोन्हींचे डाग एकाच जागी पडले.

धार थांबली.

"मीच मारली का हिला?" वहिनींनी विचारलं. "ते काळं लावून?"

"छे. दोन-चार दिवसांत इतकं सडत नाही. हे वर्षानुवर्षांचं काम आहे. तुम्ही फक्त झाकलंत."

ते बोलून झाल्यावर धाकट्याला वाटलं, शेवटचं वाक्य गिळायला हवं होतं. पण वहिनींनी मान हलवली. खोटं सांगितलं नाही, एवढं त्यांना पुरलं असावं.

"वेल्डिंग?" त्यांनी ठिणगीकडे पाहिलं.

"वहिनी, मी देवालाही ठिगळ लावून देईन," ठिणगी म्हणाला. आज तो पहिल्यांदाच गंभीर बोलत होता, त्यामुळे ते कुणालाच खरं वाटेना. "पण ठिगळ शिवायला भोवती धड कापड लागतं. इथे कुठून सुरू करू? वरचा रंग सोडला तर गाडी उरलीच नाहीये."

"म्हणजे वरून सगळी आहे आणि खालून नाही."

"हो."

"आणि मी काल हिच्यात पोरीला बसवून आणलं."

धाकट्याने बटण दाबलं, रॅम्प खाली आला. गाडी जमिनीला टेकली आणि पुन्हा आरशासारखी दिसू लागली. आईने बॉनेटवरून एकदा हात फिरवला. हाताला काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि पोरगी बसने गेल्या. धाकटा सोडायला गेला होता. परत आला तेव्हा भंगारवाल्याचा ट्रक दारात उभा होता. तेव्हा ते पहिलं वाक्य आता पुन्हा छापायला हरकत नाही.

नंबर रद्द करण्यासाठी परिवहन कार्यालयाला अर्ज लागतो. वहिनींनी फोनवर धाकट्याला सांगितलं, मजकूर तुम्हीच लिहा, मी सही करून पाठवते. धाकट्याने बसल्या बैठकीत लिहून काढला. वहिनींना फोनवरच वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, एक शब्द बदलू नका.

"मा. अधिकारी साहेब यांस,

विषय: वाहन नोंदणीतून कमी करण्याबाबत.

महोदय, सदर वाहन खालील बाजूने समुद्राने खाल्ले असल्याने रस्त्यावर चालवण्यास अयोग्य आहे. त्यात वाहनमालक कै. पतीची कोणतीही हयगय नाही, त्यांनी ते प्रेमाने झाकून ठेवले होते. तरी वाहनाचा पत्रा, इंजिन व चाके नोंदणीतून कमी करण्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र ड्रायव्हरची सीट त्यांच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली असून, ती त्यांच्या पश्चात कोणीही पुढे ओढलेली नाही. अर्जदार पाठीशी उशी घेऊन वाहन चालवत होती. तरी सदर सीटपुरती नोंदणी, आहे त्याच मापासह, मूळ मालकाच्या नावे पुढील आदेश होईपर्यंत चालू ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."