कापडी सोफा

आमच्या वहिनीला पोरक्या पिल्लांचं भारी वेड. आई मेलेली मांजराची पिल्लं सापडली, की प्राणिसंस्थेचा पहिला फोन तिलाच. गेल्या खेपेची तीन पिल्लं मात्र लस द्यायच्या आधीच गेली. आधी दूध सोडलं, मग उलट्या, मग पाण्याच्या वाटीवर मान टाकून नुसतंच बसणं. पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा विषाणूचा आजार, असं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशीच संपतात, मग झुंजायला अंगात काही उरत नाही.

वहिनी रडली आणि मग फिनाइल घेऊन घरावर तुटून पडली. डोळ्यांत पाणी यावं इतका वास. मला हसूही आलं आणि तिची कीवही.

“फिनाइलनं तुमच्या नाकाचं समाधान होतं, विषाणूचं काही बिघडत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आधी साबणानं घाण काढा, मग पाण्यात ब्लीच मिसळून पुसा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवरच ओतलंत तर ब्लीच वाया.”

“आणि सोफा? पिल्लं त्याच्यावरच असायची.”

“कापड आणि आतला फोम कसा धुणार? त्यात हा विषाणू वर्षभरसुद्धा टिकतो. सोफा टाकून द्या. आणि विषाणू चपलांवरून, हातांवरून, कपड्यांवरूनही जातो, हे विसरू नका.”

घर निर्धोक झाल्याशिवाय संस्था पुन्हा पिल्लू देणार नव्हती. वहिनीला तर घर खायला उठत होतं. “वन्सं, धरा एका बाजूनं,” म्हणत तिनं मला हाताशी घेऊन तो सोफा खाली रस्त्याकडेला नेला. कचऱ्याची गाडी सकाळी येणार होती. वर येऊन आम्ही हात घासले, फरशी घासली, आणि वहिनी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

सकाळी सोफा गायब होता. गाडी यायची होती अजून.

तळमजल्यावरच्या काकूंचं दार उघडं होतं. सोफा खिडकीखाली, आणि त्याच्यावर काकूंच्या मांजरीची चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. वहिनी उंबऱ्याबाहेरच थबकली. एक पिल्लू उतरून तिच्या चपलांकडे यायला लागलं, तशी ती झटकन मागे सरली.

“काकू, आधी त्याला धरा!”

“अगं, आत ये ना! चांगला धडधाकट सोफा टाकून दिलात, मी रात्रीच मुलाकडून आणवला. पोरं काय खूश आहेत बघ.”

“यांना लस दिलीय?”

“छे गं, घरातली मांजरं. बाहेर जातात कुठे?”

वहिनीनं बाहेरूनच सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंना फोन करा, असंही म्हणाली. काकूंनी पिल्लू छातीशी धरलं होतं.

“तुझी किती गेली?”

“सगळी,” वहिनी म्हणाली.