मागे राहणारा ठोका

नाशिकरोडच्या वसाहतीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती, आणि तिच्या भिंतीला लागून लोखंडी गेट बनवणारं वर्कशॉप. ग्राइंडर सुरू झाला की पोरांची डोकी वर व्हायची. कोणी कानात इअरफोन घाले, आणि ऐन गणिताच्या मध्यात जाहिरात वाजे. अभ्यासिका सांभाळणारे कोंडाजीकाका एक दिवस रोहिणी पगारेकडे आले. तू लॅपटॉपवर संगीत करतेस ना, मग आमच्या स्पीकरवर हळू आवाजात लावता येईल असं काहीतरी कर, म्हणाले. रोहिणी स्वतः त्याच अभ्यासिकेत शिकलेली. आता एका शाळेत संगणक शिकवायची आणि उरलेल्या वेळात बीट्स, म्हणजे ड्रमच्या ठोक्यावर फिरत राहणारे छोटे तुकडे, बनवायची. तिनं लगेच हो म्हटलं.

पहिला बीट तिनं दोन संध्याकाळींत उरकला. ड्रम सगळे पडद्यावर आखलेल्या तालाच्या रेघेवर चपखल, आवाज स्वच्छ, खणखणीत. अभ्यासिकेत लावला तर एका मुलीनं सरळ सांगितलं, "ताई, घड्याळाचा गजर वाजल्यासारखं वाटतंय." रोहिणीचा चेहरा पडला. पण घरी जाऊन ऐकल्यावर मुलीचं खरं आहे हे तिला पटलं.

मग तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. वेग उतरवून मिनिटाला पंचाहत्तर ठोक्यांच्या आसपास आणला. तयार ड्रम टाकून दिले. जाड सतरंजीवर मूठ आपटून तिनं किक, म्हणजे खालचा जड ठोका, रेकॉर्ड केला, आणि अभ्यासिकेच्या जुन्या लाकडी बाकावर बोटांनी टिचकी मारून स्नेअरचा कडक ठोका. वरचे तीक्ष्ण स्वर फिल्टरनं कापले, आवाज टेपवरून गेल्यासारखा थोडा दाबला, खाली जुन्या रेकॉर्डची बारीक करकर पसरली. हायहॅट, म्हणजे झांजेचा बारीक टोला, मात्र तिनं ड्रमपॅडवर स्वतः वाजवला. दर दोन टोल्यांतला दुसरा टोला जरासा उशिरा पडू दिला, आणि स्नेअरही केसभर मागे ओढला. रेघेवर बसलेलं सगळं सरळ चालत होतं. हे मात्र झुलायला लागलं. ती खुर्चीतच मान हलवत राहिली.

आता पियानो हवा होता. त्यासाठी तिनं शाझियाला बोलावलं. कॉलेजपासूनची मैत्रीण, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायची, बोटं अशी की ऐकणारा थक्क व्हावा. रविवारी दुपारी ती आली, बीट ऐकला आणि त्यावर एवढ्या ताना, एवढे पलटे वाजवले की रोहिणीला ते थांबवावंसंही वाटेना. पण थांबवावं लागलं. चारच कॉर्ड हवेत, हळू आणि सूर न चढवता, असं तिनं सांगितलं.

शाझिया कीबोर्डवरचे हात काढून म्हणाली, "मग मला कशाला बोलावलंस? हे तर तूही वाजवू शकतेस."

"मी वाजवून पाहिलं," रोहिणी म्हणाली. "माझा हात जड पडतो. तुझा हलका पडेल म्हणून बोलावलं."

शाझियानं कीबोर्ड पुन्हा पुढे ओढला. मग डी मायनर सेव्हनवर बोटं ठेवली, पुढे जी नाइन, सी मेजर सेव्हन, आणि ए मायनर सेव्हनवर येऊन ती थांबली. तिनं स्वर ठोक्याच्या किंचित मागून येऊ दिले आणि मधली जागा मोकळी सोडली. पुन्हा तसंच वाजवलं. दुसऱ्या वेळी रोहिणीनं किक पडताच पियानो क्षणभर दबेल असं लावलं, आणि जुन्या टेपवर सूर हेलकावतो तेवढाच हेलकावा घातला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "आता लग्नात गेल्यावर माझी बोटं ऐकणार नाहीत बघ," शाझिया म्हणाली आणि हसली.

सोमवारी कोंडाजीकाकांनी तो बीट अभ्यासिकेच्या स्पीकरवर लावला. रोहिणीची आई, अंगणवाडीत शिकवणाऱ्या लताबाई, खास साडी नेसून आल्या होत्या. मायलेकी दारात उभ्या राहिल्या. शेजारी ग्राइंडर सुरूच होता. पण आता तो एकटाच कानावर येत नव्हता. खिडकीजवळचा एक मुलगा गणित सोडवता सोडवता टाच हलवत होता. एकही मान वर झाली नाही. बीट फिरून फिरून येत राहिला, मध्येच ड्रम थांबायचे, फक्त पियानो उरायचा, पुन्हा ड्रम यायचे.

लताबाई मुलीच्या कानाशी लागून हळूच म्हणाल्या, "रोहू, कुणी ऐकतच नाहीये गं. वाईट नको वाटून घेऊ."

"आई, तसंच व्हायला हवं होतं," रोहिणी म्हणाली.

लताबाईंना आधी उमगलं नाही. त्यांनी पुन्हा त्या खोलीकडे पाहिलं, वाकलेल्या पाठींकडे, भराभर चाललेल्या पेनांकडे. मग ताठ मानेनं आत गेल्या आणि शेवटच्या बाकावर जागा करून बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत, वसाहतीत, भाजीवाल्याकडेही त्या एकच गोष्ट सांगत होत्या: वरच्या अभ्यासिकेत वाजतं ना, ते आमच्या रोहिणीनं आणि शाझियानं केलंय.